पहिली माळ कोणाच्या चॅनेलवर?

समजा, यूट्यूबवर दोन चॅनेल आहेत. एक कोल्हापूरकडच्या निवृत्त शिक्षिकेचे. त्या देवीच्या कथा आणि व्रतांमागच्या आख्यायिका सांगतात. दुसरे पुण्यातल्या महिला भजनी मंडळाचे: पेटी, तबला, टाळ आणि सात-आठ आवाज. दोन्हींचे सबस्क्रायबर सातशे-आठशेच्या घरात. बाईंच्या कथेला गाण्याची जोड हवी असते आणि मंडळाला दोन गाण्यांमधले निवेदन जमत नाही. नवरात्रात दोघांनी मिळून रोजच्या माळेला एक व्हिडिओ करायचा, हे फोनवर पाच मिनिटांत ठरते. घोडे अडते ते पुढच्या प्रश्नावर. व्हिडिओ ठेवायचा कोणाकडे?

प्रश्न मानापमानाचा वाटतो, पण आहे हिशेबाचा. जाहिरातींतून कमाई सुरू व्हायची तर यूट्यूबच्या सध्याच्या नियमाप्रमाणे १,००० सबस्क्रायबर लागतात आणि लोकांनी मागच्या १२ महिन्यांत त्या चॅनेलचे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. (तासांऐवजी शॉर्ट्सचा मार्गही आहे, पण तो ९० दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याचा, भजनी मंडळाने त्याच्या वाटेला जाऊ नये.) हे तास ज्या चॅनेलवर व्हिडिओ चढवला त्याच्याच खात्यात पडतात. गाणारी कोण आणि सांगणारी कोण, हे मोजणाऱ्या यंत्रणेला कळत नाही. अलीकडे सहयोगी चॅनेलचे नाव व्हिडिओला जोडण्याची सोय यूट्यूबवर आली आहे, पण तिथेही कमाई अपलोड करणाऱ्याचीच.

आकडे मांडून पाहू. नऊ मिनिटांचा व्हिडिओ सरासरी तीन मिनिटे पाहिला गेला आणि प्रत्येक भागाला ६०० वेळा पाहणारे मिळाले, तर नऊ भागांचे मिळून २७० तास होतात. म्हणजे ४,००० तासांचा डोंगर एका नवरात्रात चढून होत नाही. छोट्या चॅनेलच्या मालिकेकडून ती अपेक्षा ठेवूच नये. पण वर्षभरात जेमतेम हजार तास जमणाऱ्या चॅनेलला २७० तास थोडे नाहीत. सगळे भाग एकीकडेच गेले, तर दुसरीने नऊ दिवस फुकट राबल्यासारखे होते आणि पुढच्या वर्षी ती फोन उचलत नाही.

एकच व्हिडिओ दोन्हीकडे टाकावा, ही पहिली सुचणारी युक्ती वाईट आहे. पाहणारे विभागले जातात. पुढे कमाईसाठी अर्ज केला की दुसऱ्याकडचा मजकूर जसाच्या तसा वापरल्याचा ठपका बसून अर्ज अडकू शकतो. इन्स्टाग्रामवर सहयोगी पोस्टची सोय आहे, एकच रील दोघांच्या पानावर दिसते आणि लाइक्स एकत्र मोजले जातात, म्हणून मिनिटभराच्या झलका तिथे द्याव्यात. पूर्ण भाग मात्र यूट्यूबवर एकाच ठिकाणी असावा. उरतो मार्ग दिवस वाटून घेण्याचा.

आलटून-पालटून वाटणी करणे सोपे, पण नवरात्राचे सगळे दिवस सारख्या वजनाचे नसतात. घटस्थापना, ललिता पंचमी, अष्टमी आणि दसरा या दिवशी माणसे आपणहून शोधत येतात. दुसऱ्या माळेला तसे होत नाही. आलटून-पालटून गेले, तर पहिली आणि पाचवी माळ एकाच चॅनेलकडे जाते. त्यापेक्षा त्या दिवशी काय जास्त आहे, कथा की गाणे, हे पाहून वाटणी करावी. ललिता पंचमीला कोल्हापुरात अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि कोहळा फोडण्याचा विधी होतो. त्यामागची कथा सांगायलाच दहा मिनिटे लागतात, तेव्हा तो दिवस बाईंचा. अष्टमीला जोगवा आणि गोंधळाची पदे. तो दिवस मंडळाचा. घटस्थापना एकीला दिली की दसरा दुसरीला. मधले दिवस कोणाचे सोयीचे असतील तसे, सलग दोन एकीकडे आले तरी बिघडत नाही.

इथे पंचांग आडवे येते. माळा नऊ, म्हणून नऊच भाग तयार करून ठेवणाऱ्यांची २०२५ मध्ये पंचाईत झाली असेल, कारण त्या वर्षी तिथीची वृद्धी होती. घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली, नवरात्र १ ऑक्टोबरपर्यंत म्हणजे दहा दिवस चालले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला. क्षय तिथी असेल तर उलट होते आणि एक दिवस कमी पडतो. म्हणून चित्रीकरणाआधी दोघींनी एकच पंचांग समोर ठेवावे. एक भाग कुठल्याच तिथीला न बांधलेला असावा, जो वाढीव माळेला घालता येईल किंवा दिवस कमी पडला तर बाजूला ठेवता येईल. माहूरच्या रेणुकेला विड्याचा प्रसाद असतो, तो कसा कुटतात हा विषय अशा भागाला छान आहे. बोलताना ‘आज तिसरी माळ’ असे कॅमेऱ्यासमोर म्हणूच नये. माळेचा क्रमांक शीर्षकात लिहावा. शीर्षक आदल्या रात्रीही बदलता येते, तोंडून गेलेले वाक्य बदलता येत नाही.

वेळही एकच ठरवावी. पहाटे साडेपाच ही भक्तिसंगीताची नेहमीची वेळ, आणि तिचा एक वेगळा फायदा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात भारतात पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिकडच्या मराठी घरांतली जेवणानंतरची वेळ आपसूक साधते.

आता श्रेयाकडे. ‘सहकार्य : अमुक मंडळ’ अशी एक ओळ शेवटी टाकणे हे श्रेय नव्हे, ती पावती झाली. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारे थोडेच असतात, त्यामुळे शेवटच्या पाटीवरचे नाव जवळजवळ कोणी वाचत नाही. ज्याचा भाग सुरू होतो त्याचे नाव त्याच क्षणी पडद्यावर यावे, पाच-सात सेकंद राहावे, आणि निवेदनातही एकदा उच्चारले जावे. हा व्हिडिओ उद्या कोणी व्हॉट्सॲपवर तुकडा करून पाठवला तर डिस्क्रिप्शन मागे राहते. पडद्यावरचे आणि आवाजातले नाव तेवढे सोबत जाते. डिस्क्रिप्शनमध्ये प्रत्येक भागाची वेळ लिहिली की यूट्यूब व्हिडिओच्या पट्टीवर तसे विभाग पाडतो. पहिली वेळ शून्यापासून असावी लागते, किमान तीन विभाग लागतात आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा हवा. पंचमीच्या भागाचे असे होईल:

```
0:00 त्र्यंबोलीची कथा | निवेदन
4:40 देवीचे पद | गायन: भजनी मंडळ, पुणे
7:50 पालखीचा मार्ग | निवेदन
```

खाली मंडळाच्या चॅनेलचा दुवा आणि गायिका, पेटी, तबला यांची नावे. पद जुने असेल तर नुसते ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होण्याची सवय आहे, ती मला पटत नाही. शब्द पारंपरिक असतीलही, पण चाल कुणाकडून तरी शिकलेली असते. संबळावर साथ करणाऱ्या गोंधळ्याकडून पद घेतले असेल तर त्याची परवानगी आणि नाव, दोन्ही यायला हवे.

व्हिडिओच्या शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत दुसऱ्या चॅनेलचे चिन्ह ठेवता येते, त्यावर बोट ठेवले की माणूस तिकडे पोहोचतो. उद्याचा भाग तिकडे आहे हे सांगण्याची हीच जागा. दोघींनी आपापल्या चॅनेलवर मालिकेची प्लेलिस्ट करावी आणि तिच्यात दोन्हीकडचे भाग क्रमाने लावावेत. तास तरीही ज्याच्या त्याच्या खात्यातच जातात. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. कथा लहान मुलांना आवडतात म्हणून बाईंनी अपलोड करताना ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडला, तर त्या व्हिडिओवरच्या कॉमेंट्स आणि शेवटची चिन्हे दोन्ही बंद होतात. श्रेयाची अर्धी व्यवस्था एका खुणेने जाते. घरातल्या सगळ्यांनी मिळून ऐकायची कथा आणि खास मुलांसाठी केलेली कथा यांत फरक आहे. आपली कोणती, हे दोघींनी आधी ठरवावे आणि खरे तेच निवडावे.

सर्वांत जास्त घात होतो तो संगीताच्या हक्कांवर. तुकोबांचा अभंग किंवा समर्थांची आरती यांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही. पण चाल आधुनिक संगीतकाराची असेल तर भारतीय कायद्यात ती त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे सुरक्षित असते. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले; तुकोबांच्या अभंगांना त्यांनी दिलेल्या चाली अजून कित्येक वर्षे मोकळ्या होणार नाहीत. प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळाच. बाजारातला कराओके ट्रॅक लावून गायलेली आरतीही त्यामुळे अडकते. मंडळाने स्वतःची पेटी, स्वतःचा तबला आणि परंपरेने आलेली चाल घेतली तर बराचसा प्रश्न सुटतो.

बराचसा म्हटले, कारण एक गंमत उरते. मंडळाने आपली भजने एखाद्या वितरकामार्फत गाण्याच्या ॲप्सवर दिलेली असतात आणि त्या वेळी यूट्यूबवरील ओळख-यंत्रणेत नोंदवण्याला होकार दिलेला असतो. तेच मुद्रण बाईंच्या व्हिडिओत वाजले की यंत्र त्यावर मंडळाच्याच नावे दावा ठोकते! मंडळाला त्याचा पत्ताही नसतो. हरकत घेतली तर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, म्हणजे कोजागिरी उलटून जाते. यावर उपाय असा की मालिकेसाठी भजने नव्याने गावीत, किंवा बाईंचे चॅनेल वितरकाकडे आधीच ‘मुभा असलेले’ म्हणून नोंदवून घ्यावे. आणि काहीही झाले तरी सगळे भाग घटस्थापनेच्या निदान आठवडाभर आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवावेत, मग त्यांना प्रकाशनाची तारीख-वेळ लावावी. हक्कांची तपासणी अपलोड होतानाच होते, त्यामुळे दावा असेल तर तो तेव्हाच दिसतो आणि दुसरे पद गाऊन घ्यायला हातात दिवस राहतात.

दसऱ्यानंतरचे एक कलम बहुतेक जण विसरतात. देवीची गाणी दरवर्षी शोधली जातात, म्हणून हे व्हिडिओ पुढच्या नवरात्रातही चालणार. मंडळाला आपले नुसते पद वेगळे करून टाकायचे असेल तर केव्हापासून? बाईंनी सगळ्या कथा जोडून दोन तासांचा व्हिडिओ केला तर त्यात मंडळाचा आवाज ठेवायचा की वगळायचा? पुढे एखादे चॅनेल कमाई करू लागले तर त्या भागांच्या पैशांचे काय? माझ्या मते मूळ फायली दोघींकडे असाव्यात, आपापला तुकडा दिवाळीनंतर वापरायला मोकळीक असावी, जोडकामाला मात्र दर वेळी विचारावे. पैशांबाबत, ज्याच्याकडे भाग त्याची कमाई, एवढे साधे ठेवले तरी चालते, कारण जड दिवसांची वाटणी आधीच बरोबरीची केलेली असते. हे सगळे एका पानावर मराठीत लिहून दोघींनी सह्या कराव्यात, आणि मंडळातल्या गायिकांनाही ते पान वाचून दाखवावे. आवाज त्यांचा आहे.