स्लॅबच्या मालात एक बादली पाणी जास्त पडलं तर काय होतं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरकुलाचा स्लॅब पडला. पडला म्हणजे टाकला गेला, कोसळला नाही! सकाळपासून आम्ही पाचसहा जणी मदतीला होतो. दुपारी ऊन चढलं, माल घट्ट वाटायला लागला, तसा मिस्त्रींनी आवाज दिला, "ताई, अजून अर्धी बादली टाका, माल सरकंना." पाणी ओतणारी बाई आमच्यापैकीच होती. तिने टाकलं. माल सरसर पसरला, सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच स्लॅबच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं.

घरकुलाचं अनुदान ठरावीकच. त्यावर गटाचं कर्ज, शिवाय अंगमेहनत. म्हणून ही अर्धी बादली नेमकं काय करते ते नीट समजून घेऊ.

काँक्रीट वाळून कडक होतं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. चुलीला लावलेली माती वाळते, म्हणजे तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती कडक होते. काँक्रीटमध्ये सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करतं आणि त्यातून चिवट डिंकासारखा पदार्थ तयार होतो. तोच वाळू आणि खडीला धरून ठेवतो. या क्रियेला पाणी किती लागतं? ५० किलोच्या एका गोणीला साधारण २० लिटर. त्याहून जास्तीचं पाणी सिमेंटच्या कामाचं नसतं, ते फक्त माल हलवता, ओतता, दाबता यावा म्हणून असतं. काम झालं की हे पाणी हळूहळू उडून जातं आणि जिथे ते होतं तिथे बारीक पोकळी राहते. डोळ्यांना न दिसणारी, पण लाखोंनी. जितकं पाणी जास्त, तितक्या पोकळ्या जास्त. चुलीच्या मातीत पाणी जास्त झालं की भेगा पडतात हे आपण पाहिलेलं आहे, इथे भेगा आतल्या आत पडतात.

म्हणून सिमेंटच्या वजनाच्या तुलनेत पाण्याचं वजन किती, हे बघायचं असतं. त्याला पाणी-सिमेंट प्रमाण म्हणतात. ५० किलो सिमेंट आणि २७ लिटर पाणी, म्हणजे २७ भागिले ५०, प्रमाण ०.५४. अमेरिकेत शिकागोला डफ अब्राम्स नावाच्या संशोधकाने १९१८ मध्ये पुष्कळ नमुने फोडून दाखवलं, की माल नीट दाबलेला असेल तर त्याची ताकद मुख्यतः या एकाच प्रमाणावर ठरते. आपल्याकडच्या मानकातही घराच्या साध्या स्लॅबच्या एम-२० काँक्रीटला हे प्रमाण ०.५५ च्या वर जाऊ नये असं सांगितलेलं आहे.

आता त्या दिवसाचा हिशोब मांडू. एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. प्रमाण ०.५५ धरलं तर पाणी साडेसत्तावीस लिटर. बादली १५ लिटरची, म्हणजे दोन बादल्या थोड्या कमी. मिस्त्रींनी सरळ दोन भरून टाकल्या, ३० लिटर. पण वाळू आदल्या दिवशी भिजवलेली होती. दीड फर्मा वाळू म्हणजे जवळपास ८० किलो, आणि वाळू बऱ्यापैकी ओली असेल तर शंभर किलोला ५ किलो पाणी तिच्यातच असतं. म्हणजे आणखी ४ लिटर, जे कुणी मोजलंच नाही. झाले ३४. प्रमाण ०.६८. अब्राम्सच्या नियमाने इथेच ताकद ठरलेल्याच्या दोन तृतीयांशावर आली. मग ती अर्धी बादली, साडेसात लिटर. एकूण साडेएक्केचाळीस, प्रमाण ०.८३. आता ताकद निम्म्याहूनही कमी. सिमेंट तेवढंच, गज तेवढेच, मजुरी तेवढीच!

आणि प्रश्न फक्त ताकदीचा नाही. पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की त्यांतून पाणी आत शिरतं, गजाला गंज लागतो, गंजलेला गज फुगतो आणि खालचं प्लॅस्टर सोलून पडतं. गळती हे त्याचं पहिलं चिन्ह. माझं मत विचाराल तर घरासाठी ताकदीपेक्षा हेच जास्त त्रासाचं, कारण स्लॅब उभा राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी मुलांच्या काळात खर्च काढतो.

मिस्त्री मुद्दाम वाईट करत नाहीत. पातळ माल ओतायला सोपा, कमी दाबावा लागतो, दिवस लवकर संपतो. पण पाणी न वाढवताही माल सरकवता येतो. एक, व्हायब्रेटर लावायचा, त्याने घट्ट मालही गजांच्या मधे बसतो. दुसरं, दुकानात प्लॅस्टिसायझर नावाचं द्रावण मिळतं, ते डब्यावर लिहिल्याइतकंच पाण्यात मिसळायचं. तिसरं, पाणी वाढवायचंच असेल तर सिमेंटही वाढवायचं, ५ लिटर पाण्याला ९ किलो सिमेंट, म्हणजे प्रमाण तेच राहतं. पण हे मालाचं मिश्रण होत असतानाच. मिक्सरमधून निघून तासभर पडलेल्या, घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा कालवायचा नाही.

उलट टोकही वाईट. फारच कोरडा माल दाबला जात नाही, खडीमधे मोठ्या फटी राहतात, सेंट्रिंग काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं. तिथेही ताकद जाते. म्हणून कोरडा माल म्हणजे पक्का माल, असं समजू नका.

पाणी जास्त झालंय हे कसं ओळखायचं? घमेल्यातला माल पालथा केला की तो ढीग न राहता सांडल्यासारखा पसरतो. खडी खाली बसते, वर राखाडी पाणी तरंगतं. सेंट्रिंगच्या फटींतून सिमेंटचं पाणी ओघळतं, आणि ते ओघळणारं पाणी म्हणजे तुमचं सिमेंटच आहे. आठवड्याने पृष्ठभागावर बोट घासलं तर खडूसारखी पूड हाताला येते.

इथे एक गोंधळ होतो. "पाणी कमी" हे ऐकून काही बायका स्लॅब झाल्यावरही पाणी मारायचं टाळतात. आतलं पाणी आणि वरचं पाणी वेगळं! स्लॅब घट्ट झाल्यावर वर पाणी साठवून ठेवायचंच, कारण सिमेंटची क्रिया कित्येक दिवस चालू असते आणि ती अर्धवट राहू नये. आपल्याकडे बहुतेक दुकानांत पीपीसी सिमेंट मिळतं, त्याला किमान १० दिवस, नाशिकच्या उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारा.

शंका असेल तर ठोकळा करून ठेवा. माल ओतताना त्याच मालाने १५ सेंटिमीटरच्या लोखंडी साच्यात तीन ठोकळे भरायचे, दुसऱ्या दिवशी साचा काढायचा आणि २८ दिवस पाण्यात ठेवायचे. मग प्रयोगशाळेत फोडून घ्यायचे. एम-२० चा ठोकळा सुमारे ४५ टन वजन सोसतो. चाचणीची सोय इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये असते. नाशिकला दिंडोरी रोडवर 'मेरी' ही सरकारी संशोधन संस्था आहे, तिथेही चौकशी करता येईल.

आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी एवढं करा. बादलीत मोजून पाणी भरा, साडेतेरा लिटरवर आतून रंगाची रेघ मारा. एका गोणीला अशा दोन बादल्या, वाळू ओली असेल तर त्यातून ४ लिटर कमी. बादली कुणाच्या हातात राहील हे मिस्त्रींशी आधीच बोलून घ्या, आणि शक्यतो ती आपल्यापैकीच एकीच्या हातात असू द्या.