‘३४० ला कुठं असतं का तेल?’ या कमेंटला व्हिडिओने उत्तर कसं द्यायचं

बार्शीकडच्या एक ताई माझ्या बॅचमध्ये होत्या. लाकडी घाणा चालवतात. शेंगदाणा, करडई आणि थोडं तिळाचं तेल काढतात. त्यांच्या एका रीलखाली कमेंट आली होती: ‘घाण्याच्या नावाखाली पिशवीतलंच तेल ओतत असाल. ३४० ला कुठं असतं का तेल?’ खाली चाळीसेक लाइक. ताईंनी कमेंट डिलीट करायची ठरवली होती. मी म्हटलं थांबा, चाळीस लोकांना हीच शंका आहे आणि त्यांनी ती तुम्हाला फुकटात सांगितली आहे. हिला व्हिडिओने उत्तर देऊ.

सोय साधी आहे. इन्स्टाग्रामवर कमेंटखाली रिप्लाय दाबलं की कॅमेऱ्याचं चिन्ह येतं. तिथून रील केलं की ती कमेंट स्टिकर होऊन व्हिडिओवर चिकटते. यूट्यूब शॉर्ट्सवरही अशीच सोय आहे. दोन मिनिटांत जमतं. अडचण येते ती बोलायचं काय इथे.

ताईंनी पहिली स्क्रिप्ट स्वतःच लिहिली आणि न दाखवता टाकलीसुद्धा. ‘दादा, आमचं तेल शंभर टक्के शुद्ध आहे. शुद्धतेला किंमत असते. पिशवीतल्या तेलात केमिकल असतं, ते खाऊन हार्टचे आजार होतात. आरोग्य हवं की पैसा, तुम्हीच ठरवा!’ मागे बासरी. संध्याकाळपर्यंत नवीन कमेंट आली: ‘म्हणजे ३४० का, ते सांगितलंच नाही.’

बरोबरच होतं त्याचं. विचारलं होतं भावाचं आणि उत्तर मिळालं आरोग्याचं. भाव विचारल्यावर दुकानदार विषय बदलतो, तेव्हा गिऱ्हाईक काय समजतं हे काउंटरवर बसलेल्या माणसाला सांगायला नको. शिवाय तेलाने आजार होतो किंवा बरा होतो असं विक्रीसाठी बोलणं कायद्यातही अडचणीचं आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत आणि तुमचं रील ही जाहिरातच धरली जाऊ शकते. मी तो व्हिडिओ काढायला लावला.

मग आम्ही कमेंट पुन्हा वाचली. नीट पाहिलं तर तिच्यात दोन वेगळ्या शंका आहेत. एक, भाव एवढा कसा? दोन, तुम्ही मिसळत नाही कशावरून? पहिलीचं उत्तर कॅमेऱ्यासमोर दाखवता येतं. दुसरीचं नाही. घाण्यातून धार पडताना दाखवली तरी दुकानातली बाटली त्याच धारेची आहे हे त्यातून कळत नाही. बरेच जण इथेच फसतात. तेल फ्रीजमध्ये ठेवून गोठवून दाखवतात, बोटावर चोळून दाखवतात. अशा घरगुती चाचण्यांवर भेसळ ठरवता येत नाही. पामतेल तर थंडीत सहज गोठतं, म्हणजे गोठलं म्हणून शेंगदाण्याचंच, असं होत नाही. कमेंटमध्ये एखादा जाणकार निघाला की तुमची सगळी मेहनत वाया. म्हणून ठरवलं की हा व्हिडिओ फक्त भावाचा, आणि दुसऱ्या शंकेचं काय करणार ते शेवटी एका वाक्यात सांगायचं.

भाव दाखवायचा म्हणजे वजन दाखवायचं. ताईंनी १० किलो दाणे घेतले, १२५ रुपये किलोचे. घाण्यातून ताजं तेल निघालं ४ किलो ३५० ग्रॅम. ताई लगेच म्हणाल्या, हाच आकडा सांगू, मोठा दिसतो. पण ताज्या तेलात गाळ असतो. चार दिवस निवळू दिल्यावर वरचं स्वच्छ तेल भरलं ४ किलो. विकलं जातं ते हेच, त्यामुळे हिशोब याच्यावर. पेंड निघाली साडेपाच किलो.

एक गोष्ट पुष्कळ दुकानदारांच्याही लक्षात येत नाही. एक लिटर शेंगदाणा तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. तेव्हा ४ किलोचे झाले जवळजवळ ४.४ लिटर. हा फरक तुम्ही स्वतःहून सांगितला नाही, तर कोणीतरी ‘चार किलोचे चार बाटल्या धरा की’ म्हणून हिशोब मोडून दाखवणार.

आता रुपये. दाणे १२५० चे. पेंड ४० रुपये किलोने गेली, २२० परत आले. राहिले १०३०. भागिले ४.४, म्हणजे लिटरमागे २३४ रुपये निव्वळ दाण्याचे. वीज आणि कामगार ३४. बाटली, झाकण, लेबल १८. ५ टक्के जीएसटीचे १६. झाले ३०२. उरले ३८, त्यात दुकानाचं भाडं आणि ताईंचा नफा.

हे ३८ सांगायला ताई तयारच नव्हत्या. ‘सर, नफा कोणी सांगतं का?’ मी म्हटलं, सांगायची सक्ती नाही, पण ३०२ पर्यंत आणून पुढे गप्प बसलात तर बघणारा वजाबाकी करणारच. स्वतः म्हटलेलं बरं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि होकार दिला. इथे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. तुमचं मार्जिन जास्त असेल, तर सगळा हिशोब मांडायच्या व्हिडिओत पडू नका, फक्त कच्च्या मालाचा हिशोब दाखवा आणि तेवढाच आहे असं सांगा.

राहिलं पिशवीतलं तेल. ते स्वस्त का, हे न सांगता उत्तर पुरं होत नाही, आणि इथे शिव्या द्यायचा मोह होतो. खरं कारण साधं आहे. घाण्याच्या पेंडीत बरंच तेल मागे राहतं. मोठ्या कारखान्यात एक्सपेलरने पिळून उरलेलं तेलही द्रावक वापरून काढून घेतात, पेंडीत जेमतेम एखादा टक्का उरतो. ते द्रावक नंतर उडवून लावतात, तेल रिफाइन करतात आणि ते विकायला कायद्याची परवानगी आहे. त्याच दाण्यातून त्यांचं तेल जास्त निघतं. वरून माल ट्रकने घेतात, ताई पोत्याने. आणि पुष्कळदा गिऱ्हाईक ज्या पिशवीशी तुलना करतं ती सोयाबीनची किंवा पामतेलाची असते, शेंगदाण्याची नसतेच. एवढं सांगितलं की झालं. ‘केमिकल’ शब्द आम्ही पूर्ण गाळला.

शेवटी ही स्क्रिप्ट झाली. साधारण मिनिटभराची.

(कमेंटचा स्टिकर पूर्ण दिसतोय. ताई काट्याजवळ उभ्या.)
‘दादांनी विचारलंय, ३४० ला कुठं असतं का तेल. चला, मोजूनच बघू.’
(रिकामं पातेलं काट्यावर, काटा शून्य केला. दाणे ओतले.)
‘हे १० किलो दाणे. १२५ रुपये किलो. साडेबाराशे झाले.’
(घाणा चालू, व्हिडिओ पळवलेला.)
‘हा भाग पळवलाय, घाण्याला पाऊण तास लागतो.’
(निवळलेलं तेल काट्यावर.)
‘चार दिवस निवळून हे तेल, ४ किलो. लिटरमध्ये ४.४. आणि ही पेंड, साडेपाच किलो, तिचे २२० आले.’
(पाटीवर खडूने लिहीत.)
‘लिटरला दाणे २३४. वीज, कामगार ३४. बाटली १८. जीएसटी १६. तीनशे दोन. राहिले ३८, त्यात भाडं आणि माझा नफा.’
‘कारखान्यात पेंडीतलं तेलही निघतं, म्हणून त्यांना स्वस्त पडतं. आमच्याकडे ते पेंडीत राहतं.’
‘आता मी मिसळत नाही, हे या व्हिडिओने सिद्ध होत नाही. त्यासाठी तुमचे दाणे घेऊन या. मंगळवारी आणि शनिवारी समोर बसून गाळून घ्या, किलोला ३० रुपये.’

शूटिंगला मोबाईल तिपाईवर एकाच जागी ठेवला. काट्यावर माल ठेवल्यापासून आकडा स्थिर होईपर्यंत कुठेही कट नाही. कट असेल तिथे तोंडाने सांगितलं. बासरी काढली, घाण्याचा आवाज राहू दिला. कमेंट वाचताना नक्कल नाही की हसणं नाही. स्टिकरवर त्या माणसाचं नाव दिसतं, त्यामुळे तुमच्या आवाजात टोमणा आला की तुमचे फॉलोअर त्याच्यावर तुटून पडतात आणि पुढच्या वेळी शंका असलेला माणूस लिहीतच नाही, गुपचूप दुसरीकडून घेतो. दुसऱ्या ॲपवरच्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट लावणार असाल, तर नाव आणि फोटो झाका.

(काही जण ओळखीच्या माणसाकडून सोपी शंका लिहून घेतात आणि तिला उत्तर देतात. ‘ताई, तुमचं तेल एवढं चांगलं कसं?’ अशी. लोकांना हे पहिल्या तीन सेकंदांत कळतं.)

एक चूक आमच्याकडूनही राहिली, आणि ती माझी. पहिल्याच शनिवारी एक काका १० किलो दाणे घेऊन आले. निवळून तेल निघालं ३ किलो ६५०. काकांनी मोबाईल काढून ताईंना त्यांचाच व्हिडिओ दाखवला. ‘इथे चार म्हणता, माझं साडेतीनशे ग्रॅम कुठं गेलं?’ ताईंची बोलती बंद. खरं तर काकांचे दाणे नवीन काढणीचे होते, नीट वाळलेले नव्हते. ओल असली की तेवढं वजन पाण्याचं असतं, आणि जातीप्रमाणेही दाण्यातलं तेल कमीजास्त होतं. हे ताईंना रोजचं माहीत, पण व्हिडिओत आम्ही ४ किलो हा आकडा असा सांगितला की जणू प्रत्येक वेळी तेवढंच निघणार. ताईंनी काकांना पेंड दाखवली, पाखडून दाणे हातात दिले, दाबून बघायला सांगितले. काका तेल घेऊन गेले, पण गेले ते कुरकुरतच.

त्याच रात्री ताईंनी व्हिडिओखाली स्वतःची कमेंट पिन केली: ‘हे वजन आमच्या वाळलेल्या दाण्यांचं आहे. दाणे ओले किंवा वेगळ्या जातीचे असतील तर १० किलोला साडेतीन ते चार किलो धरा. दाण्याचा भाव आजच्या तारखेचा आहे.’ तारीखही टाकली, कारण दाणे महागले की पाटीवरचा हिशोब जुना होतो आणि तो व्हिडिओ मात्र फिरतच राहतो.

ज्याने मूळ कमेंट केली होती, त्याने काही उत्तर दिलं नाही. ती काढून टाकलेलीही नाही. मिसळण्याच्या शंकेसाठी ताई आता एका लॉटचा नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबला पाठवणार आहेत. रिपोर्टवरचा लॉट नंबर आणि बाटलीवरचा लॉट नंबर एकच दिसला पाहिजे, म्हणून आधी लेबलवर नंबर छापायचं काम चालू आहे. ते झालं की दुसरा व्हिडिओ, त्याच कमेंटच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर.