जुन्या फोनचा भाव काचेवर अडतो

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोबाइल दुकानदारांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एक ओळ हमखास दिसते : ‘जुना फोन आणा, १५,००० रुपयांपर्यंत एक्स्चेंज मिळवा.’ गिऱ्हाईक पंधरा हजार डोक्यात धरून दुकानात येते, आठ हजार ऐकते आणि फसवणूक झाली असे समजून निघून जाते. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. एवढेच, की त्या एका आकड्यात दोन वेगळ्या रकमा एकत्र केलेल्या असतात आणि पोस्टमध्ये त्या सुट्या करून सांगितलेल्या नसतात.

पहिली रक्कम म्हणजे जुन्या फोनची खरी किंमत. दुसरी म्हणजे बोनस. हा बोनस बहुधा नव्या फोनची कंपनी देते, तोही ठरावीक मॉडेलवर आणि ठरावीक दिवसांपुरता. त्या मॉडेलचा साठा हलवायचा असतो म्हणून तो दिला जातो. तुमच्या जुन्या फोनच्या अवस्थेशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा : ‘यात फोनचे किती आणि बोनसचे किती?’

फोनची किंमत दुकानदार बहुतेक वेळा स्वतः ठरवत नाही. जुने फोन घाऊक विकत घेणाऱ्या कंपन्यांचे ॲप त्याच्याकडे असते. तो `*#06#` दाबून फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक घेतो, मॉडेल आणि स्टोरेज निवडतो. निर्दोष फोनला बाजारात आज काय भाव आहे, तो आकडा ॲप आधी धरते. त्यानंतर चाचणी सुरू होते. स्क्रीनभर चौकोन येतात, त्यांवरून बोट फिरवून टच तपासला जातो. माइक, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, चार्जिंग, वाय-फाय, बोटाचा ठसा हे एकेक करून पाहिले जाते. जिथे दोष निघेल तिथे वजावट होते. या वजावटीमागे हिशेब असा असतो : हा फोन दुरुस्त करून पुढच्या गिऱ्हाइकाला विकायला किती खर्च येईल आणि त्यात जोखीम किती आहे?

सगळ्यात मोठी वजावट स्क्रीनची असते आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आजच्या फोनमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. काच तडकली पण चित्र आणि टच ठीक असेल, तर मशीनवर काच वेगळी करून फक्त तीच बदलता येते. घाऊक खरेदीदार हे काम मोठ्या प्रमाणावर करतात. पण चित्रात रेघ उमटली असेल, डाग पडला असेल किंवा टच एखाद्या कोपऱ्यात काम करत नसेल, तर अख्खा डिस्प्ले बदलावा लागतो. महागड्या अमोलेड स्क्रीनच्या बाबतीत हा खर्च जुन्या फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. म्हणून दोन फोनांच्या काचा सारख्याच तडकलेल्या दिसल्या, तरी त्यांच्या भावात हजारोंचा फरक पडू शकतो.

इथे अनेक जण एक घाई करतात. एक्स्चेंजला जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तातला कॉपी डिस्प्ले बसवून घेतात. पैसे वाया जातात आणि भावही पडतो. अमोलेडच्या जागी साधा एलसीडी बसवला असेल, तर तो ओळखणे अवघड नाही. अंधारात पूर्ण काळे चित्र लावून पाहावे. अमोलेडवर काळा भाग पूर्ण विझतो, एलसीडीवर मागचा उजेड जाणवतो. स्क्रीनखालचा ठसा वाचणारा सेन्सर अशा स्क्रीनवर सहसा चालत नाही. अलीकडच्या आयफोनमध्ये तर बदललेल्या डिस्प्लेची आणि बॅटरीची नोंद सेटिंग्जमध्येच दिसते.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तीन वर्षे वापरलेल्या फोनचा निर्दोष अवस्थेतला भाव ९,००० रुपये धरू. काच तडकलेली, चित्र ठीक : २,८०० वजा. कडांना पोचे आणि मागे ओरखडे : ७०० वजा. खोका आणि चार्जर नाही : २०० वजा. राहिले ५,३००. कंपनीचा बोनस ३,०००. एकूण एक्स्चेंज ८,३०० रुपये. नवा फोन २४,००० चा असेल तर खिशातून जातील १५,७००.

शेजारचा दुकानदार बोनस देत नाही आणि जुन्या फोनचे ५,००० च सांगतो. ऐकायला हा सौदा तोट्याचा वाटतो. पण तो तोच नवा फोन २०,५०० ला देत असेल, तर खिशातून जाणारी रक्कम १५,५०० होते. म्हणून एक्स्चेंजचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे विचारावे : जुना फोन न देता हा फोन कितीला द्याल? मग पुढची वजाबाकी घरीही करता येते.

जीएसटीच्या मूल्य ठरवण्याच्या नियमांतही नेमका हाच प्रश्न आला आहे आणि नियम २७ मधले उदाहरणच फोनचे आहे. जुना फोन घेऊन नवा २०,००० ला दिला, पण एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४,००० असेल, तर कर २४,००० वरच धरायचा. म्हणजे जुना फोन दिल्याने कर कमी होत नाही. बिलावर नव्या फोनची पूर्ण किंमत आणि जुन्याची वजावट वेगवेगळी दाखवलेली असेल, तर गिऱ्हाइकालाही सौदा पडताळता येतो.

बॅटरीबाबत थोडक्यात : ती उतरलेली असेल तर वजावट होते, पण स्क्रीनइतकी नाही, कारण बदलण्याचा खर्च कमी असतो. चालूच न होणाऱ्या फोनचा भाव मात्र कोसळतो, कारण त्यातले काहीच तपासता येत नाही.

दुकानदारांना माझे सांगणे आहे की पोस्ट अशी लिहा : ‘अमुक मॉडेल, ८/१२८, चालू, काच शाबूत : ९,०००. काच तडकलेली, चित्र ठीक : सुमारे ६,०००. चित्रात रेघ : सुमारे २,०००. बोनस ३,००० वेगळा, फक्त या नव्या मॉडेलवर, या तारखेपर्यंत.’ असा भाव रोज बदलत असल्याने पोस्टवर तारीख घालावीच. पंधरा हजारांच्या पोस्टपेक्षा हिच्यामुळे कमी लोक येतील, पण आलेले लोक काउंटरवर भांडणार नाहीत.

फोन हातातून देण्याआधी गुगल खाते काढावे, आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करावे आणि मगच सेटिंग्जमधून रीसेट करावा. खाते तसेच ठेवून बटणांनी फोन पुसला, तर तो चालू होताना जुनेच खाते मागतो आणि खरेदीदाराच्या दृष्टीने त्याची किंमत सुट्या भागांपुरती उरते. चोरीची तक्रार होऊन बंद केलेला आयएमईआयही तितकाच अडचणीचा. तो तपासायला `KYM` लिहून जागा सोडून पंधरा आकडी क्रमांक 14422 वर एसएमएस करता येतो. शेवटी, जुन्या फोनचा आयएमईआय, तारीख आणि दुकानाचा शिक्का असलेली पावती मागून घ्यावी. तो फोन पुढे कोणाच्या हाती गेला आणि त्याचा काय वापर झाला, असा प्रश्न कधी उपस्थित झाला, तर तो त्या तारखेला तुमच्याकडून गेला याचा पुरावा ही पावतीच असते.