झेनरच्या वाट्याचे पाच मिलिअँपिअर

शेतातल्या पाण्याच्या टाकीवर पातळी दाखवणारं एक छोटं सर्किट बसवलं आहे असं धरू. त्याला पाच व्होल्ट लागतात, आणि जवळ आहे ती सौर पॅनेलवर चार्ज होणारी बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. ‘बारा व्होल्ट’ हे फक्त बॅटरीवर छापलेलं असतं. भर दुपारी पॅनेल जोरात चार्ज करत असताना तिच्या टोकांवर साडेचौदा व्होल्ट दिसतात, आणि रात्रभर वापरल्यावर पहाटे ती अकरापर्यंत उतरते. इकडे सर्किटही एकसारखा करंट घेत नाही. नुसतं पाहत बसलेलं असताना त्याला ५ मिलिअँपिअर पुरतात, आणि टाकी भरल्याचे दिवे लागले की २० लागतात.

अशा ठिकाणी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ५.१ व्होल्टचा झेनर डायोड आणि एक रेझिस्टर. बॅटरीकडून रेझिस्टर, त्याच्या पुढे झेनर उलटा जोडलेला, म्हणजे पट्टीची बाजू धनाकडे, आणि झेनरच्या दोन टोकांवर आपलं सर्किट. साधा डायोड उलट दिशेने करंट अडवतो. झेनर मात्र ठरावीक व्होल्टेजला ‘फुटतो’, वाहू लागतो, आणि त्यापुढे करंट बराच वाढला तरी त्याच्यावरचं व्होल्टेज फारसं वाढत नाही. करंटला मर्यादा असेल तर या फुटण्याने त्याला काही इजा होत नाही. ती मर्यादा घालण्याचं काम रेझिस्टरचं.

धरणाच्या सांडव्यासारखं हे काम चालतं. सांडव्यावरून थोडं तरी पाणी वाहत असेल, तोवर पातळी त्याच्या माथ्याला टिकते. वाहणं थांबलं की पातळी किती खाली जाईल हे सांडवा ठरवू शकत नाही. झेनरमधून थोडा करंट सतत वाया गेलाच पाहिजे, तो यासाठी. छोट्या ५.१ व्होल्टच्या झेनरचं छापील व्होल्टेज बहुधा ५ मिलिअँपिअर वाहत असताना मोजलेलं असतं. म्हणून किमान तेवढे त्याच्यासाठी राखून ठेवावेत.

प्रश्न उरतो रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा. इथे नवख्याचा हिशेब असा होतो: दुपारी मीटर लावला, साडेचौदा व्होल्ट दिसले. त्यातून ५.१ वजा केले, ९.४ उरले. सर्किटला जास्तीत जास्त २० मिलिअँपिअर हवेत. ९.४ भागिले ०.०२ म्हणजे ४७० ओहम, आणि दुकानात नेमका तोच मिळतो! बसवल्यावर दुपारी सगळं छान चालतं. संध्याकाळी बॅटरी तेरावर आली की दिवे लागताच पाच व्होल्टचे साडेचार होतात. पहाटे अकरा व्होल्ट असताना दिवे लागले, तर चारही राहत नाहीत. दिवे विझले की व्होल्टेज पुन्हा ५.१ होतं, कारण ५ मिलिअँपिअरच्या भारासाठी ४७० ओहममधून येणारा करंट पुरून उरतो. टेबलावर तपासणाऱ्याला म्हणूनच दोष सापडत नाही. तो दिसायला बॅटरी उतरलेली आणि भार पूर्ण, दोन्ही एकाच वेळी असावं लागतं.

म्हणजे हिशेब मांडायचा तो याच कोपऱ्यात. सर्वांत कमी व्होल्टेज ११, त्यातून ५.१ गेले, उरले ५.९. सर्वांत जास्त भार २० मिलिअँपिअर, झेनरच्या वाट्याचे ५, एकूण २५. भागाकार २३६ ओहम. ही वरची मर्यादा. बाजारात याच्या खाली सहज मिळणारा २२० ओहमचा आहे. त्यात पाच टक्के इकडेतिकडे झाले, तरी तो २३१ पर्यंतच जाईल, म्हणजे चालेल.

आता नेमका उलटा कोपरा. व्होल्टेज सर्वांत जास्त, भार सर्वांत कमी. इथे झेनरचा जीव जाऊ शकतो, कारण सर्किट जे घेत नाही ते सगळं त्याला गिळावं लागतं. भार ५ मिलिअँपिअर मानण्यापेक्षा शून्य धरणं शहाणपणाचं. पिन निघाली, वायर तुटली, की शून्यच होतो. ९.४ भागिले २२० म्हणजे सुमारे ४३ मिलिअँपिअर. ५.१ ने गुणलं की झेनरमधली उष्णता साधारण ०.२२ वॅट. छोटा काचेचा झेनर ४०० मिलिवॅटचा असतो, म्हणजे जवळपास निम्मी जागा शिल्लक राहते. उन्हात तापणाऱ्या बंद डब्यात ती लागतेच, कारण भोवतालचं तापमान वाढलं की ही क्षमता घटते.

मग धोका नको म्हणून एक वॅटचा १ एन ४७३३ ए लावावा का? हा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. त्याचं ५.१ व्होल्ट हे ४९ मिलिअँपिअर वाहत असताना मोजलेलं आहे. आपण पहाटे त्याला जेमतेम पाच देणार, आणि तेवढ्यावर त्याचं व्होल्टेज छापलेल्यापेक्षा खाली असू शकतं.

रेझिस्टरकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. ९.४ चा वर्ग भागिले २२० म्हणजे ०.४ वॅट. नेहमीचा पाव वॅटचा इथे काळा पडेल, अर्धा वॅटचा तापत राहील. एक वॅटचा घ्यावा. बाहेर कुठे शॉर्ट झालं, तर सगळे साडेचौदा व्होल्ट त्याच्यावर येतात, तेव्हाही उष्णता एक वॅटच्या जरा आतच राहते.

आता खर्चाची बाजू. भार असो वा नसो, बॅटरीतून तीसेक मिलिअँपिअर अखंड जातात. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास. सात अँपिअर-तासाच्या बॅटरीचा दहावा भाग यातच संपतो. भार १०० मिलिअँपिअर झाला तर ही पद्धत हास्यास्पद होते: रेझिस्टर ५६ ओहमचा, त्यात दीड वॅट उष्णता, आणि भार सुटला की झेनरमध्ये पाऊण वॅटहून जास्त.

तिथे मध्ये ट्रान्झिस्टर घालावा. बीडी १३९ चा बेस झेनरवर आणि भार एमिटरवर जोडला, की १०० मिलिअँपिअरसाठी बेसला दोन-अडीचच लागतात. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट जातात, म्हणून झेनर ५.६ चा घ्यायचा. यात एक वेगळा फायदाही आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलेली क्रिया मुख्यतः पाच व्होल्टच्या खालच्या डायोडांत घडते, आणि तापमान वाढलं की त्यात व्होल्टेज उतरतं. सहाच्या वर ॲव्हलांच नावाची दुसरी क्रिया असते, तिच्यात ते चढतं. ५.६ च्या आसपास दोन्ही एकमेकींना जवळजवळ खोडतात. अर्थात ट्रान्झिस्टरचे ०.७ गरमीत थोडे घटतातच.

हिशेब तोच: ११ वजा ५.६, भागिले साडेसात मिलिअँपिअर, म्हणजे ७२० ओहम. ६८० चा घ्यावा. दुपारी झेनरमधून तेराच मिलिअँपिअर जातात. उष्णता आता ट्रान्झिस्टरकडे सरकते, पूर्ण भाराला जवळपास एक वॅट, तेव्हा त्याला ॲल्युमिनियमची पट्टी हवी. बाहेर शॉर्ट झालं तर मात्र करंट अडवायला वाटेत रेझिस्टर नसतो. ट्रान्झिस्टर काही क्षणांत जातो, आणि कलेक्टर-एमिटर आतून जुळले तर बॅटरीचे सगळे व्होल्ट थेट सर्किटवर येतात. कलेक्टरच्या वायरीत एक २२ ओहमचा रेझिस्टर घातला, तर शॉर्टचा करंट पाऊण अँपिअरच्या आत राहतो, आणि पहाटेच्या अकरा व्होल्टमधून त्याच्यावर जाणारे दोन व्होल्ट इथे परवडतात.