लॉक-इनचे सोळा महिने उरलेत आणि दुकान बंद करायचंय

दुकान भाड्याने घेताना माणूस भाडं बघतो, डिपॉझिट बघतो, दरवर्षीची वाढ बघतो. लॉक-इनचं कलम मात्र सही करताना नुसतं नजरेखालून जातं आणि धंदा बसला की आठवतं. तेव्हा मालक करार पुढे सरकवतो आणि उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागतो. दुकानदाराला वाटतं, एवढी रक्कम द्यायची म्हणजे दुकानासोबत आपणही संपलो. मग एक तर तो तोट्यातलं दुकान रेटत राहतो, नाहीतर एखाद्या रात्री टेम्पो लावून माल हलवतो. दोन्ही वाटा महागात पडतात. मधली वाट बोलणीची आहे. ती हिशेबावर चालते, त्यामुळे आधी हिशेबच मांडू.

समजा, पुण्यात कोथरूडला एकाने तयार कपड्यांचं दुकान टाकलंय. साठ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आहे आणि त्यातले पहिले 36 महिने लॉक-इन. भाडं 60,000 रुपये, दरवर्षी पाच टक्के वाढ, डिपॉझिट 3,60,000. वीस महिने झाले, विक्री भाड्यापुरतीही होत नाही. लॉक-इनचे सोळा महिने बाकी आहेत. त्यातले चार महिने 63,000 रुपयांनी आणि पुढचे बारा 66,150 रुपयांनी. बेरीज 10,45,800, त्यावर लागू असेल तर जीएसटी वेगळा. डिपॉझिट वळतं केलं तरी मालक आणखी 6,85,800 मागू शकतो. कागदावर तरी.

ही रक्कम मागता येते, पण मागितली म्हणून जशीच्या तशी मिळतेच असं नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात ठरलेली भरपाईची रक्कम ही वरची मर्यादा असते, आणि तिच्या आत जी वाजवी ठरेल तेवढी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फतेहचंद खटल्यात हे सांगितलं आणि 2015 साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात आणखी स्पष्ट केलं: ज्याचं नुकसानच झालं नाही, त्याला भरपाई नाही. त्याच निकालात मालकाच्या बाजूचाही एक मुद्दा आहे. नुकसान मोजणं अवघड असेल आणि ठरवलेली रक्कम हा त्याचा प्रामाणिक अंदाज असेल, तर तीच रक्कम देता येते. मालकाचा वकील यावरच जोर देणार. शिवाय कलम 73 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते, तेही विचारात घेतले जातात. म्हणजे सोळा महिने शटर ओढून ठेवायचं, नवं गिऱ्हाईक बघायचं नाही आणि सगळं भाडं जुन्याकडून वसूल करायचं, हे कोर्टात सहज पचत नाही. तरी प्रत्येक प्रकरणाचा निकाल कराराच्या शब्दांवर आणि पुराव्यावर ठरतो, आणि वर्षं जातात. दोघांनाही ते नको असतं. बोलणीला जागा मिळते ती इथेच.

तेव्हा मालकाचं खरं नुकसान किती, ते बघू. दुकान रिकामं झाल्यावर नवा माणूस मिळायला तीन महिने लागले, तर 1,89,000 रुपये गेले. बाजार थोडा पडलाय, नवा माणूस 60,000 रुपयेच देतो असं धरलं, तर लॉक-इनच्या उरलेल्या काळात फरकाचे 76,800 रुपये गेले. एजंटची एका महिन्याची दलाली 60,000. एकूण 3,25,800. साडेदहा लाखांच्या मागणीपुढे हा आकडा बराच लहान आहे आणि डिपॉझिटमध्ये बसतो. या हिशेबातली सगळ्यात मोठी रक्कम रिकाम्या महिन्यांची आहे. दुकानदाराला कमी करता येते ती हीच.

म्हणून मालकाकडे जाताना पुढचा भाडेकरू सोबत घेऊन जावं. आपल्या जागी कोण चालेल हे दुकानदाराला एजंटपेक्षा जास्त कळतं: शेजारचा मेडिकलवाला जागा वाढवू बघतोय, समोरच्या क्लासवाल्याला रस्त्यालगतची जागा हवीये. मात्र त्याला आपल्या करारावर आत बसवायचं नाही. पोटभाडेकरू ठेवायला बहुतेक करारांत मनाई असते, आणि तसं केलं की करार मोडल्याचा ठपका उलट आपल्यावर येतो. नवा माणूस मालकाशी थेट नवा करार करेल, आपण फक्त गाठ घालून द्यायची. नवा माणूस एका महिन्यात आला, तर वरचा हिशेब असा बदलतो: रिकामा महिना 63,000, भाड्यातला फरक 82,800, दलाली शून्य. एकूण 1,45,800.

बोलणी कधी सुरू करायची, याला रकमेइतकंच महत्त्व आहे. भाडं वेळेवर जात असताना बोललेला दुकानदार आणि तीन महिने थकवून बोललेला दुकानदार यांच्याकडे मालक वेगळ्या नजरेने बघतो. थकबाकी झाली की मालकही करार रद्द करू शकतो, डिपॉझिटमधून कापायला त्याला आयतं कारण मिळतं आणि पुढे कोर्टात आपली बाजू लंगडी पडते. म्हणून हातात किमान तीन-चार महिन्यांचं भाडं असतानाच तोंड उघडावं.

त्याआधी करार शांतपणे वाचावा. लॉक-इन दोघांवर आहे की फक्त दुकानदारावर? मुदतीआधी सोडलं तर 'उरलेल्या काळाचं भाडं' लिहिलंय की ठरावीक रक्कम? सुरुवातीला फर्निचरसाठी महिनाभर भाडं माफ केलं होतं का, आणि आधी सोडल्यास ते परत द्यायचंय का? वाद लवादाकडे जायचा आहे का? आणि पुढच्या तारखेचे किती चेक मालकाकडे पडून आहेत? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. जागा सोडल्यावर मालकाने असा चेक भरला आणि तो परत आला, तर नोटिशीपासून फौजदारी तक्रारीपर्यंत सगळं मागे लागू शकतं.

मालकाची गरजही ओळखावी लागते. निवृत्त गृहस्थ असेल आणि घर या भाड्यावर चालत असेल, तर त्याला खंड नको असतो. भाड्याच्या भरवशावर बँकेचं कर्ज घेतलेलं असेल, तर हप्त्याची तारीख त्याच्या डोक्यात असते. अशा माणसाला एकरकमी मोठा आकडा नसला तरी चालतो, पण पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार याचं उत्तर हवं असतं. समजा, कोथरूडच्या मालकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "करारावर सही तुझीच आहे ना?" त्यावर वाद न घालता म्हणावं, "हो काका, माझीच आहे. म्हणूनच पळून न जाता तुमच्याकडे आलोय. जागेला माणूस मी आणतो, तोपर्यंत भाडं चालू ठेवतो." मालक सगळं डिपॉझिट ठेवतो म्हणेल, दुकानदार एक महिन्याचं भाडं देतो म्हणेल. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तोडगा निघतो.

पैशाशिवाय देण्यासारखं आणखीही काही असतं, आणि दुकानदार ते विनाकारण उखडून नेतात. दुकानासाठी वाढवून घेतलेला थ्री-फेज वीजभार, छतातले दिवे, काचेचा दर्शनी भाग, एसीची पाइपलाइन. काढून विकलं तर भंगाराचा भाव येतो, पण पुढच्या माणसाला हे तयार मिळालं तर त्याचे कामाचे आठवडे वाचतात आणि मालकालाही जागा लवकर देता येते. करारात 'जागा होती तशी करून द्यावी' असं असेल, तर काय ठेवायचं आणि काय काढायचं याची यादी दोघांनी सही करून ठरवावी. नाहीतर डिपॉझिटमधून रंगकाम, प्लंबिंग, पाटीच्या भोकांची डागडुजी असं एकेक कापलं जातं.

आपल्या कोथरूडच्या प्रकरणात तोडगा असा निघू शकतो: मालक 1,60,000 रुपये ठेवतो, दिवे आणि वीजभार जागेवरच राहतात, आणि ताबा घेतेवेळीच 2,00,000 रुपये परत करतो. 'ताबा घेतेवेळी' हे शब्द कागदावर हवेतच. 'जागा बघून पंधरा दिवसांत देतो' म्हणणाऱ्या मालकाकडे डिपॉझिट किती दिवस अडकतं, हे बाजारात कुणालाही विचारा.

हे सगळं रद्दलेखात उतरवायचं. त्यात मूळ कराराचा नोंदणी क्रमांक, ताब्याची तारीख, रकमेचा हिशेब, परत मिळालेल्या चेकचे नंबर आणि दोघांचं एकमेकांवर यापुढे काही देणं नाही हे वाक्य. मूळ करार नोंदणीकृत असेल, तर रद्दलेखही नोंदवून घ्यावा. त्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती जोडून ताबा पावतीवर सही घ्यावी.

रद्दलेखात मालक ठेवत असलेल्या रकमेचं वर्णन कसं करता, यावर जीएसटीही ठरू शकतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाचा सूर असा आहे, की करार मोडल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई ही कर लागणारी सेवा नाही, पण मुदतीआधी सोडायची मुभा देण्याचा मोबदला घेतला तर त्यावर कर लागतो. 1,60,000 वर अठरा टक्के म्हणजे 28,800 रुपये. शब्द बदलले म्हणून स्वरूप बदलत नाही, तेव्हा रक्कम नेमकी कशाची आहे हे सही करण्याआधी सीएसोबत ठरवावं. त्यानंतर जीएसटी नोंदणीतून तो पत्ता काढायलाही विसरू नये.

काही मालक ऐकतच नाहीत. तेव्हा दुकान सोडायची तारीख कळवणारी लेखी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी, त्यातच पुढच्या भाडेकरूचं नाव आणि तो द्यायला तयार असलेलं भाडं लिहावं, आणि ताबा देण्याची तयारी दाखवावी. चावी घ्यायला नकार दिला, तर तेही पुढच्या पत्रात तारखेसह नोंदवावं. तडजोडीचे आकडे मात्र वेगळ्या पत्रात, 'विदाउट प्रेज्युडिस' असं वर लिहून द्यावेत, म्हणजे ते उद्या आपल्याच विरुद्ध कबुली म्हणून वापरले जाण्याचा धोका कमी होतो. पुढे वाद लवादाकडे किंवा कोर्टात गेलाच, तर मालकाला पहिला प्रश्न विचारला जाईल तो हा: अमुक तारखेला तयार भाडेकरू समोर असताना तुम्ही त्याला नाही का म्हणालात?