दोन बाइटांत लपलेली तिरकी रेघ

ऑक्टोबर 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधली एक फट उघड झाली. पत्त्यात `../` लिहून कोणी नेमलेल्या फोल्डरबाहेर जाऊ नये म्हणून तपासणी होती. पण तिरक्या रेघेऐवजी `%c0%af` लिहिलं की ती चुकायची.

यूटीएफ-8 मध्ये ही रेघ एकाच बाइटची, `2F`. दोन बाइटांच्या साच्यात पहिल्याचे शेवटचे पाच आणि दुसऱ्याचे शेवटचे सहा बिट धरतात. `C0` मधून पाच शून्यं मिळतात, `AF` मधून `101111`. जोडले की पुन्हा `2F`! सर्व्हर आधी तपासायचा आणि उलगडायचा नंतर. घोळ तिथेच झाला. म्हणून नियम असा, की अक्षर सर्वांत आखूड रूपातच हवं. `C0` आणि `C1` दिसताच नाकारायचे. `E0` नंतरचा बाइट `A0` पेक्षा लहान असेल तर तोही.

अर्धवट अक्षर वेगळ्या वाटेने फसवतं. आपला ‘क’ म्हणजे `E0 A4 95`. कोणी `E0 A4` पाठवून लगेच अवतरणचिन्ह, `22`, दिलं तर? `E0` वर भरवसा ठेवून सरळ तीन बाइट उडी मारणारा पार्सर ते चिन्हच गिळतो, आणि मजकूर कुठे संपला हे त्याला कळत नाही. बफर तिथेच संपला, तर तो पलीकडची मेमरी वाचू लागतो. त्यामुळे आधी उरलेली लांबी पाहायची, मग पुढचा प्रत्येक बाइट `80` ते `BF` मध्ये आहे का ते. मात्र नेटवर्कवरून तुकड्यांत येणारा मजकूर अक्षराच्या मध्येही तुटू शकतो. तिथे पुढच्या तुकड्याची वाट पाहायची आणि प्रवाह संपल्यावरच नकार द्यायचा.