i चा i-वा घात किती?
ज्या संख्येचा वर्ग −१ येतो, तिला i म्हणतात. तिचा घातांकही i च ठेवला, तर उत्तर काय? १७४६ साली लिओनार्ड ऑयलरने मित्र गोल्डबाखला पत्रातून ते कळवलं: सुमारे ०.२०७९. काल्पनिक पाया, काल्पनिक घातांक आणि उत्तर मात्र साधी दशांश संख्या.

'i ला i वेळा गुणा' या म्हणण्याला काहीच अर्थ नाही. म्हणून घात लॉगरिदमवरून ठरवतात: a चा b-वा घात म्हणजे e^(b·log a). आता प्रश्न उरतो log i चा. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर i ही संख्या शून्यापासून १ अंतरावर, सरळ वर, काटकोनात असते. ऑयलरच्याच सूत्राने i = e^(iπ/2), म्हणजे log i = iπ/2. त्याला i ने गुणलं की i² चं −१ होतं, i नाहीसा होतो आणि हाती उरतं e^(−π/2), म्हणजेच ०.२०७९.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण ९० अंशांच्या जागी ४५० अंश वळलो, तरी आपण i वरच पोचतो. देवळाला एक प्रदक्षिणा घातली काय नि दहा घातल्या काय, उभं राहायचं त्याच दारात. लॉगरिदम मात्र जागेबरोबर प्रदक्षिणाही मोजतो. म्हणून log i = i(π/2 + 2πk), k कोणताही पूर्णांक, आणि i^i = e^(−π/2 − 2πk). k = −१ घेतल्यास उत्तर १११.३ च्या आसपास, k = १ घेतल्यास ०.०००३९. लागोपाठच्या दोन किमतींत सुमारे ५३५ पटींचा फरक! कॅल्क्युलेटर k = ० ची 'मुख्य किंमत' तेवढी दाखवतो. ती सोयीसाठी केलेली निवड आहे; बाकीच्या किमतीही तितक्याच खऱ्या.

घातांक पूर्णांक असला, तर जास्तीच्या फेऱ्यांनी उत्तरात e^(2πi) चे पूर्ण घात येतात. ते सगळे १ च असतात, म्हणून i² एकच. घातांक १/२ असला, तर दोन उत्तरं निघतात. शाळेतलं ± ते हेच. घातांकात i शिरला, की फेरी दिशेऐवजी लांबी बदलू लागते आणि उत्तरांना अंत राहत नाही.

शाळेतले घातांकाचे नियम इथे डोळे झाकून वापरले, तर फसगत ठरलेली. बघा: i⁴ = १, म्हणून i^i = (i⁴)^(i/4) = 1^(i/4) = १. पटण्यासारखं वाटतं ना? पण वरच्या यादीत १ बसतच नाही; त्यासाठी −π/2 − 2πk शून्य व्हायला हवं, म्हणजे k = −१/४, आणि पाव प्रदक्षिणा मोजणीत धरत नाहीत. चौथा घात घेताना कोनाची माहिती पुसली गेली, तिथेच खोट आहे. 'एकाचा कुठलाही घात एकच' हेही इथे टिकत नाही: 1^i च्या किमती e^(−2πk), म्हणजे १ आहेच, पण ५३५.४९ सुद्धा.